स्वखुशीने

तीन नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म दोनदा वाचला, मग चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "नोकरी तुम्ही स्वतः सोडलीत?"

"छे हो! मी कशाला सोडेन? त्यांनीच घरी बसवलं."

"मग हे काय?" बाईंनी काचेखालून कारखान्याकडून आलेला एक कागद पुढे सरकवला. खाली सही होती. सही तिचीच होती, शेवटच्या अक्षराची शेपटी नेहमीसारखी खाली लोंबत होती. वर छापलेलं होतं : मी माझ्या घरगुती अडचणींमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे.

कडकताईने छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच. कारखान्यात सगळ्या तिला कडकताई म्हणत, कारण तिच्या हाताखालून गेलेली चादर उभी केली तर उभी राहील अशी कडक निघायची. हा कारखाना म्हणजे इस्पितळांच्या चादरी, गाऊन, टॉवेल धुऊन इस्त्री करून देणारी मोठी लॉंड्री. तिथे वाफेवर तापणाऱ्या रोलरच्या तोंडाशी दोघी उभ्या राहायच्या, ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती सरळ आत सोडायच्या. एका टोकाला कडकताई, दुसऱ्या टोकाला चिमणी. चिमणी वयाने लहान, अंगाने चिमणीएवढीच, पण हात असे चपळ की रोलरलाच दम लागावा.

"हा कागद पगाराचा आहे म्हणाले होते," ती खिडकीतल्या बाईंना म्हणाली.

झालं होतं असं. मोठ्या इस्पितळाने आपलं काम दुसऱ्या लॉंड्रीला दिलं आणि एका दुपारी कारखान्यातल्या अकरा बायकांना कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं. मुकादम दारात उभा होता. एका हातात शेवटच्या पगाराची पाकिटं, दुसऱ्या हातात कागदांची चळत. "सही करा, पाकीट घ्या. काम वाढलं की तुम्हालाच पहिलं बोलावणार, शब्द देतो." एकीने विचारलं, यात लिहिलंय काय? तो हसला. "पैसे मिळाल्याचं लिहिलंय, आणखी काय लिहिणार? की तुम्हाला वकील पाहिजे?" बायका हसल्या. अवघडून हसल्या. कडकताई वाचू शकायची, पण सावकाश, एकेक शब्द बोटाने धरून. मागे रांग खोळंबलेली. तिने सही केली.

आणि मग मुकादमाच्या शब्दावर विसंबून ती तीन आठवडे घरी फोनकडे बघत बसली. बोलावणं आलं नाही. शेवटी सासऱ्यांनीच तिला ढकलून रोजगार कार्यालयात पाठवलं. सासरे म्हणजे चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. सरकारी कागद म्हटला की त्यांना स्फुरण चढायचं.

खिडकीतल्या बाई वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या. त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली.

"ऐका. बेकारी भत्ता मिळायला पहिली अट, गेल्या चोवीस महिन्यांत निदान बारा महिने तुमची वर्गणी भरलेली पाहिजे. पगारातून कापतात ती, आणि मालक घालतो ती. तुमचे इथे दिसतायत अकरा."

"अकरा? मी बारा महिने नऊ दिवस काम केलंय. त्याच्याआधी लोकांच्या घरची धुणीभांडी करायचे."

"घरकामाची वर्गणी कुणी भरली नाही, ते धरता येत नाही. कारखान्याने तुमचा पहिला महिना दाखवलेलाच नाही." बाईंनी पान उलटलं. "दुसरी अट, काम तुमच्या मर्जीने किंवा तुमच्या गैरवागणुकीमुळे सुटलेलं नसावं. योग्य कारण नसताना स्वतः सोडलं असेल, तर बारा आठवडे भत्ता नाही."

"बारा आठवडे!"

"तिसरी, सगळं मंजूर झालं तरी पहिल्या सात दिवसांचा भत्ता कुणालाच मिळत नाही. आणि सुरुवात धरतात ती नोंदणीच्या दिवसापासून. नोकरी गेली त्या दिवसापासून नाही. तुमची नोंदणी आज होतेय."

म्हणजे ते फोनकडे बघण्यात घालवलेले तीन आठवडे पाण्यात गेले. कडकताईने खिडकीची कड घट्ट धरली. मागच्या माणसाने खाकरून घाई दाखवली.

"मग मी परत जाऊ?" तिने विचारलं.

"परत कुठे जाता? अर्ज करा. सही दबावाखाली घेतली असं लेखी द्या. पहिला महिना काम केल्याचा पुरावा आणा. वर्गणी मालकाने बुडवली तर त्याची शिक्षा कामगाराला नाही, पण काम केलं होतं हे दाखवावं लागतं. आम्ही निरीक्षक पाठवू, मग सुनावणी होईल." बाईंनी एक निळी वही पुढे केली. "आणि हे विसरू नका. निकाल लागेपर्यंत पैसा मिळणार नाही, तरी दर आठवड्याला निदान दोन ठिकाणी काम मागायचं. कुठे गेलात, कधी, कुणाला भेटलात, काय म्हणाले, सगळं यात लिहायचं. पंधरा दिवसांनी इथे हजर व्हायचं. येणं जमत नसेल तर आधी कळवायचं. यात चुकलात तर पुढे केस जिंकूनही तेवढे दिवस हातचे जातील."

घरी आल्यावर सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हणजे काम नाही याचा पुरावा म्हणून रोज काम शोधायचं."

"तसंच, मामंजी."

"आणि सही करताना वाचलं का नाहीस?"

लेक अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरून बसली होती. शाळेचं शेवटचं वर्ष होतं तिचं. बराच वेळ पान काही उलटलं गेलं नाही.

पुराव्यासाठी कडकताईने पत्र्याची पेटी पालथी घातली. पहिल्या महिन्याची पगाराची चिठ्ठी नव्हतीच. तेव्हा तिला शिकाऊ म्हणून हातात रोख दिले होते. शिकाऊ म्हणे! पहिल्या दिवसापासून ती रोलरवर उभी होती. पेटीच्या तळाशी एक पिवळं कार्ड सापडलं. इस्पितळाचे कपडे हाताळणाऱ्यांना काविळीची लस टोचतात, त्याचं कार्ड. पहिल्या टोचणीची तारीख, कारखान्याचा शिक्का, खाली दवाखान्यातल्या बाईंची सही. तारीख तिच्या कामाच्या तिसऱ्या दिवसाची.

सासऱ्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं. "शिक्का आहे," ते म्हणाले. "शिक्क्याला जीभ असते. पण मूळ कार्ड सोडू नकोस, नक्कल दे. आणि दिल्याची पोच घे."

मग सुरू झाली वणवण. तिने हॉटेलांच्या मागच्या दारांनी जाऊन विचारलं, शुश्रूषागृहांत विचारलं, ड्रायक्लीनरांच्या दुकानांत विचारलं. एका हॉटेलात म्हणाले, वय जास्त आहे. दुसरीकडे म्हणाले, अनुभव इस्पितळाचा आहे, आमच्या गिऱ्हाइकांना ते कळलं तर किळस वाटेल. एका दुकानदाराने तिला अर्धा तास उभं ठेवून एक शर्ट इस्त्री करायला लावला, कॉलर न्याहाळली, वा म्हणाला, आणि मग सांगितलं की जागा तर काल भरली. वहीत तिने लिहिलं : "शर्ट करून घेतला. काम नाही." पंधरा दिवसांनी खिडकीवरच्या बाईंनी ते वाचलं तेव्हा त्यांची लेखणी क्षणभर थांबली. मग त्यांनी शिक्का मारला.

दिवस जात होते तशी घरातली एकेक वस्तू कमी होत होती. आधी दूध अर्धं झालं. मग लेकीच्या शिकवणीला रजा. हे सगळं कडकताईला दिसत होतं. दिसलं नाही ते एकच. एके सकाळी सासरे स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून खालीच बसले. चेहरा पांढराफटक. ती धावली. त्यांच्या मुठीत रक्तदाबाच्या गोळीचा तुकडा होता. सुरीने कापलेला, अर्धा.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"कसलं काय? तुकडाच खाली पडला होता..."

"मामंजी, किती दिवस?"

"महिना होईल," ते म्हणाले, आणि टपाल वाटताना एखादं पत्र चुकीच्या दारात टाकल्यासारखे ओशाळले. "तेवढीच पुरते ग. मला काय कुठे पत्रं वाटायला जायचंय?"

तिने त्यांना उठवून खाटेवर निजवलं, न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा निदान करायला कामं होती.

त्याच दिवशी दुपारी ती चिमणीकडे गेली. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं होतं, सहीच्या वेळी हजर असलेलं कुणी बोललं तर केस बळकट होईल. बाकीच्या बायकांपैकी काही गाव सोडून गेल्या होत्या, काहींनी दारच उघडलं नव्हतं.

चिमणीने दार उघडलं, पण आत घेतलं नाही. तिच्या हाताच्या पाठीवर ताजा भाजल्याचा डाग होता. रोलरचा डाग, आडवा, लालभडक. कडकताईने तो बघितला आणि तिला सगळं कळलं.

"तुला परत घेतलं."

"दोन आठवडे झाले." चिमणीने हात पाठीमागे नेला. "रोजावर. चिठ्ठी नाही, कार्ड नाही. कडकताई, मला बोलायला लावू नका. माझा नवरा घरी पडून आहे. मी तोंड उघडलं की माझी चूल विझली."

"माझी विझलीच आहे, चिमणे."

"ठाऊक आहे मला." चिमणीचे डोळे भरले. "म्हणून तर दारातून बोलतेय. आत घेतलं तर हो म्हणून बसेन."

तीन दिवसांनी मुकादमाचा फोन आला. आवाजात साखर घोळलेली. "ताई, या बघू कामावर. तुमच्यासारखा हात कुठे मिळायचा? उद्या या." तोच फोन, ज्याची तिने तीन आठवडे वाट बघितली होती. तिने सासऱ्यांना काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जुनी मळखाऊ साडी नेसली आणि गेली. खोटं कशाला सांगू, ती काम घ्यायलाच गेली होती. गोळीचा तो अर्धा तुकडा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

कारखान्यात तीच वाफ, तोच उकडलेल्या साबणाचा वास. रोलरच्या एका टोकाला चिमणी होती, दुसऱ्या टोकाला एक नवी घाबरलेली मुलगी, जिच्या हातून चादर तिरकी सुटत होती. चिमणीने मान वर केली नाही.

मुकादमाने तिला टेबलापाशी बसवलं. "रोजावर काम. वर्गणी-बिर्गणीची भानगड नको, पैसे थेट हातात. फक्त कार्यालयातून आम्हाला नोटीस आलीय, तो तुमचा अर्ज मागे घेतल्याचं इथे लिहून द्या."

छापील कागद. वाट बघणारी लेखणी.

कडकताईने कागद हातात घेतला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. मुकादम म्हणाला, "अहो, तेच आहे, अर्ज मागे." ती वाचतच राहिली. एकेक शब्द. माझी... तक्रार... खोटी... होती. तिचं बोट थांबलं.

"यात 'खोटी' लिहिलंय."

"ती पद्धत असते लिहायची."

"आणि काम देताय ते यात कुठे आहे? रोज किती, किती तास, कधीपर्यंत? ते लिहून द्या."

"तुम्हाला काम पाहिजे की कागद?" त्याच्या आवाजातली साखर संपली होती. "जाल तर जा. पण मी काम दिलं होतं आणि तुम्ही नाकारलंत, हे मी कार्यालयाला कळवीन. मग बघू कोण भत्ता देतं ते."

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. मिळालेलं काम नाकारलं तर भत्ता जातो, हे निळ्या वहीच्या मागच्या पानावर तिने स्वतःच वाचलं होतं. घ्यावं तर स्वतःच्या हाताने स्वतःला खोटं ठरवायचं. सोडावं तर उरलीसुरली आशाही गेली. ती उठली तेव्हा आपण नेमकं काय ठरवलंय हे तिलाही ठाऊक नव्हतं. पाय दाराकडे वळले, एवढंच.

ती तिथून थेट कार्यालयात गेली. हजेरीचा दिवस नसताना. तीन नंबरच्या खिडकीसमोर उभी राहिली आणि काही लपवलं नाही. "काम मिळत होतं. मी घेतलं नाही. तुम्हाला कळायच्या आधी मीच सांगायला आले. आता काय करायचं ते करा."

बाईंनी सगळं विचारून घेतलं, लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "योग्य काम नाकारलं तर भत्ता जातो. ज्या कामाची नोंद नाही, वर्गणी नाही, आणि जे मिळवायला तक्रार खोटी म्हणून लिहून द्यावं लागतं, ते योग्य काम नाही. येऊन सांगितलंत हे बरं केलंत. त्याच्याकडून आधी कळलं असतं तर निस्तरणं अवघड होतं." थोडं थांबून त्या हळूच म्हणाल्या, "आणि नोंद नसलेले लोक तिथे आत्ता काम करतायत असं तुम्ही म्हणालात. निरीक्षक या आठवड्यात जातील."

सुनावणी एका लांबट खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याची बाटली, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. एका बाजूला मुकादम आणि मालकाचा वकील, दुसऱ्या बाजूला एकटी कडकताई. सासऱ्यांना यायचं होतं, पण तिने त्यांना घरी शपथ घालून बसवलं होतं. निरीक्षक म्हणजे पोक आलेले, सर्दी झालेले गृहस्थ. त्यांनी दोन गोष्टी टेबलावर मांडल्या. पहिली, कारखान्याचं फाटकावरचं जुनं रजिस्टर, ज्यात कडकताईची पहिल्या महिन्याची रोजची येण्याजाण्याची वेळ होती. लसीच्या कार्डावरच्या तारखेशी ती जुळत होती. दुसरी, अकरा राजीनामे. एकाच दिवसाचे, अक्षर न् अक्षर सारखे.

"अकरा घरांत एकाच दुपारी घरगुती अडचण आली?" सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

"योगायोग," वकील म्हणाले. "त्या साक्षर आहेत. सह्या त्यांच्याच आहेत. जबरदस्ती झाली असं त्यांच्याशिवाय कुणी म्हणतंय का?"

कुणीच म्हणत नव्हतं. कडकताईने मान खाली घातली.

कारखान्याने आपल्या बाजूने साक्षीला चिमणीला आणलं होतं. ती खुर्चीच्या टोकावर बसली, पाय जेमतेम जमिनीला टेकत होते. वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही कागदावर स्वखुशीने सही केलीत ना?"

चिमणीने मुकादमाकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली.

"पाकीट त्यांच्या हातात होतं," ती म्हणाली.

"प्रश्न तो नाही..."

"तोच आहे." चिमणीने मान वर केली. "सही केली नाही तर पाकीट नाही म्हणाले. महिनाभर राबल्याचे पैसे होते ते. कुणीही सही केली असती, साहेब. कोऱ्या कागदावर सुद्धा केली असती."

मुकादम खुर्चीतल्या खुर्चीत वळला. चिमणी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून मी येत नाही, हे मीच सांगते. यावेळी मात्र खरंच स्वखुशीने."

कुणीतरी हसलं. बहुतेक सर्दीवाले निरीक्षक. चिमणी मात्र बाहेर व्हरांड्यात येताच मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाली, "काय करून बसले मी? घरी काय सांगू आता?" कडकताई तिच्या शेजारी फरशीवर टेकली. तिने चिमणीचा भाजलेला हात आपल्या मांडीवर घेतला.

निकाल सतरा दिवसांनी टपालाने आला. सासऱ्यांनी पाकीट कडेने नीट फाडलं आणि मोठ्याने वाचलं. बारावा महिना मान्य. राजीनामा दबावाखाली घेतलेला, म्हणून काम मालकाने संपवलं असं धरण्यात येत आहे. भत्ता नोंदणीच्या दिवसापासून, पहिले सात दिवस वगळून, नव्वद दिवसांपुरता. काम शोधण्याची अट कायम. चिमणीचा अर्ज वेगळा चालू होता. निरीक्षकांनी तिचे रोजावरचे दिवसही नोंदीत घ्यायला लावले होते, पण तिच्या घरी अजून पैसा आलेला नव्हता.

"नव्वद," सासरे म्हणाले. "त्यातले बरेचसे तर उलटूनही गेले. मागचे पैसे एकदम येतील, पण पुढे?"

"पुढे काम शोधायचं. परवा त्या बेकरीत बोलावलंय. ट्रे धुवायला."

"देतील?"

"कुणास ठाऊक."

सासऱ्यांनी पत्राची घडी घातली. लेक शाळेतून यायची होती. कडकताई खाटेच्या कडेला टेकली, नुसती पाठ टेकावी म्हणून आडवी झाली, आणि भर दुपारी, दार सताड उघडं असताना, तिला गाढ झोप लागली. सासऱ्यांनी तिला उठवलं नाही. उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर येत होती, तेवढी खिडकी त्यांनी हलकेच लोटली.